बांधकाम-कर्जाच्या टप्प्यांची पडताळणी

घरबांधणीच्या कर्जाची रक्कम जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी मिळते. प्रत्येक उचलीआधी अभियंता जागेवर येऊन कामाची टक्केवारी दाखल्यात लिहितो. पडताळणीत हा दाखला, मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा उतारा एकत्र ठेवून तपासले जातात.

मंजुरीपत्रात आधी पाहायचे ते मार्जिनचे, म्हणजे कर्जदाराच्या स्वतःच्या हिश्श्याचे कलम. हा हिस्सा सगळा आधी घालायचा की प्रत्येक टप्प्यात प्रमाणात, यावर उचलीचा आकडा ठरतो. समजा, अंदाजपत्रक २० लाखांचे, कर्ज १५ लाख, मार्जिन ५ लाख. स्लॅब पडला, दाखल्यात एकूण ५५ टक्के काम, आधीची उचल ६ लाख. झालेल्या कामाचे मूल्य ११ लाख. मार्जिन प्रमाणात असेल तर या मूल्याचे ७५ टक्के (२० लाखांत कर्जाचा वाटा तेवढा), म्हणजे ८.२५ लाख, देय. त्यातून ६ लाख वजा जाता २.२५ लाख मिळतील. मार्जिन आधी घालायचे असेल तर ११ मधून ५ वजा करून ६ लाख उरतात, आणि तेवढे आधीच मिळालेले असल्याने या टप्प्यावर काहीच मिळत नाही. दाखला तोच, पण उत्तर वेगळे. म्हणून ‘स्लॅब झाला, पैसे का अडले’ असे विचारण्याआधी हे कलम वाचावे.

विदर्भातील काळ्या जमिनीत आणखी एक फरक पडतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. अंदाजपत्रकात पायाला ३ लाख धरले आणि प्रत्यक्षात ४.२० लाख लागले, तरी टक्केवारी मंजूर अंदाजपत्रकावरच काढली असेल तर दाखल्यात ३ लाखांचेच काम दिसते. वरचे १.२० लाख घरमालकाच्या खिशातून जातात. पायाच्या खर्चाची पावती दाखवून ते मिळत नाहीत. नुसते अंदाजपत्रक वाढवले आणि कर्ज तेवढेच राहिले, तर वाढ मार्जिनमध्येच जाते. म्हणून खोदाईत मुरूम खोल लागल्याचे दिसताच, जोते बांधण्याआधीच, सुधारित अंदाजपत्रकासोबत कर्जवाढीचाही अर्ज करणे योग्य. तो मंजूर होईलच असे नाही, परतफेडीची क्षमता पुन्हा तपासली जाते.

दाखल्यावरील टक्केवारी एकूण कामाची आहे की फक्त त्या टप्प्याची, हेही पाहावे. एकूण ५५ ला टप्प्याचे ५५ समजले की पुढची सगळी बेरीज चुकते. गावठाणातील घर असेल तर नमुना ८ मधील मालमत्ता क्रमांक, मंजूर नकाशा आणि दाखला यांवरील क्रमांक जुळला पाहिजे.

शेवटी खात्याचा उतारा. उचल ३ लाखांची नोंदवून हातात २.८० लाख आले, तर उरलेले कशापोटी कापले (विमा, शुल्क) ते मंजुरीपत्रात शोधावे. व्याज कोणत्या तारखेपासून लागले तेही बघावे. धनादेशावरील तारखेपासून व्याज लावून धनादेश बऱ्याच दिवसांनी देण्याच्या प्रथेवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवले आहे. म्हणून धनादेश ज्या दिवशी हातात पडला, तो दिवस पोचपावतीवर लिहून घ्यावा.