पे बटणावरचा दुसरा क्लिक: पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका मिठाईवाल्याची संत्रा बर्फी ऑनलाइन विकली जायची. साइट पीएचपीमध्ये लिहिलेली, जुनी, पण निमूटपणे चालणारी. दिवाळीच्या आधी गर्दी झेपावी म्हणून एका सर्व्हरचे दोन केले आणि आठवड्याभरात दुकानात एका बाईंचा फोन आला, "भाऊ, माझे ६४० रुपये दोनदा कटले न!" टेस्टिंगचं काम आमच्याकडे होतं, त्यामुळे फोन परसोडीच्या आयटी पार्कपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पे बटण पटकन दोनदा दाबलं गेलं होतं. मजा अशी की त्या बटणाच्या कोडला चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

वेबवर फॉर्म पाठवायची पोस्ट ही पद्धत सुरुवातीपासूनच "पुन्हा पाठवली तर परिणाम पुन्हा होईल" अशी आहे. वेबचा प्रोटोकॉल म्हणजे एचटीटीपी, त्याच्या १.१ आवृत्तीच्या जानेवारी १९९७च्या मसुद्यात आयडेम्पोटंट हा शब्द आला. एखादी क्रिया कितीही वेळा केली तरी परिणाम एकदाच केल्यासारखा, असा त्याचा अर्थ. (मूळ शब्द बीजगणितातला, बेंजामिन पर्स यांनी १८७०मध्ये वापरलेला.) अशा क्रियांच्या यादीत पोस्ट नाही, म्हणजे पैशाच्या फॉर्मची जबाबदारी प्रोटोकॉलने घेतली नाही. ती साइट बनवणाऱ्यावर आली.

त्याच मसुद्यात ३०३ हा प्रतिसादही होता: काम झालं, आता निकाल या दुसऱ्या पत्त्यावर बघा. पुढे यावरून पोस्ट-रीडायरेक्ट-गेट ही सवय रुजली. आभारपान रिफ्रेश केलं की पुन्हा पैसे जाण्याचा त्रास तिने संपवला, पण डबल-क्लिकला ती निरुपयोगी आहे. रीडायरेक्ट पहिल्या उत्तराबरोबर येतो आणि दुसरा क्लिक उत्तराच्या आधीच झालेला असतो.

मग टोकन आलं. जावाच्या स्ट्रट्स या फ्रेमवर्कमध्ये पान दाखवताना सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या ग्राहकासाठी ठेवलेल्या नोंदीत, एकदाच चालणारं एक टोकन ठेवायचं, फॉर्म आला की जुळवायचं आणि पुसून टाकायचं. दुसऱ्या क्लिकला टोकन सापडत नाही, तो नाकारला जातो. इथे एक खोच आहे, जी आजही टेस्टरच्या हातून सुटते. साध्या फॉर्मवर दुसरा क्लिक झाला की ब्राउझर पहिल्याच्या उत्तराची वाट बघणं सोडून देतो. सर्व्हरवर पहिलं काम चालूच राहतं, पण पडद्यावर उत्तर दिसतं ते दुसऱ्याचं. म्हणजे पैसे गेले आणि ग्राहकासमोर "अवैध विनंती". ग्राहक काय करणार? मागे जाऊन नव्याने पैसे भरणार. म्हणून डेटाबेसमध्ये ओळ एकच आहे एवढं बघून टेस्ट पास करू नये. दुसऱ्या क्लिकनंतर पडद्यावर पहिल्याचाच निकाल दिसतो का, हेही बघावं.

आता आपल्या बर्फीकडे. कोड ऑर्डरची स्थिती वाचायचा, ती `pending` असेल तर पेमेंट गेटवेमार्फत ग्राहकाच्या फोनवर यूपीआयची मागणी पाठवायचा आणि मग स्थिती `requested` करायचा. गेटवेला साधारण दोन सेकंद लागायचे. वाचणं आणि बदलणं यांत दोन सेकंदांची फट आणि डबल-क्लिकमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी. खरं तर पहिल्याच दिवशी फुटायला हवं होतं.

फुटलं नाही, कारण पीएचपी सेशन फाइलमध्ये ठेवतं तेव्हा विनंती संपेपर्यंत ती फाइल कुलूपबंद असते. एकाच ब्राउझरमधून आलेली दुसरी विनंती दारात थांबून राहायची, आत यायची तेव्हा स्थिती बदललेली असायची. हा बंदोबस्त कोणी मुद्दाम केला नव्हता, तो आयता मिळाला होता. दोन सर्व्हर झाल्यावर सेशन रेडिस या दोघांच्या सामाईक साठ्यात हलवलं आणि तिथे आमच्या पीएचपी एक्स्टेंशनमध्ये सेशनचं कुलूप आपण चालू केल्याशिवाय लागत नाही. दोन्ही विनंत्यांनी `pending` वाचलं, ग्राहकाच्या फोनवर ६४०च्या दोन मागण्या गेल्या. पहिली अडकली असेल समजून त्या बाईंनी दोन्हींना पिन टाकला.

भारतात ही चूक बहुधा अशा रूपात दिसते. १ ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी ओळखपडताळणी लागते. त्यामुळे डबल-क्लिकने थेट दोनदा पैसे कापले जाणं कमी, दोन ओटीपी किंवा दोन मागण्या येणं जास्त. लॉग बघताना दोन यशस्वी व्यवहार शोधत बसण्यापेक्षा एकाच ऑर्डरसाठी गेटवेला गेलेल्या दोन विनंत्या शोधाव्यात.

आमची टेस्ट होती, पण ती खोटी पास होत होती. प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनात ओळीने दोनदा `click()` लिहिलं होतं. दुसरा `click()` बटण पुन्हा चालू होईपर्यंत थांबून राहतो, आणि आमचं बटण पहिल्या क्लिकलाच बंद व्हायचं. माणूस असा थांबत नाही, शिवाय ब्राउझरची स्क्रिप्ट अर्धवट लोड झाली असेल तर बटण बंदही होत नाही. `dblclick()` वापरला की दोन क्लिक खरोखर लागोपाठ पडतात. तरी ही झाली बटणाची परीक्षा. सर्व्हरची परीक्षा बटण वगळूनच घ्यावी लागते:

```sh
for i in 1 2; do
  curl -s -b c$i.txt -d order=4172 https://staging.example/pay &
done; wait
```

यात `c1.txt` आणि `c2.txt` या एकाच ग्राहकाच्या दोन वेगळ्या लॉगिनच्या कुकी आहेत, जणू एक फोन आणि एक लॅपटॉप. एकच कुकी दिली असती तर जुन्या सेटअपमध्ये फाइलच्या कुलपाने दोन्ही विनंत्यांना रांगेत उभं केलं असतं. ही टेस्ट चार वर्षांपूर्वी लिहिली असती तर तेव्हाच लाल झाली असती, हे आम्ही जुना सेटअप उभा करून पाहिलं. स्टेजिंगवरचा, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवरचा, नकली गेटवे क्षणात उत्तर देत असेल तर फट दिसतच नाही, म्हणून त्याला मुद्दाम दोन सेकंद थांबायला लावलं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. आधी वाचून मग बदलण्याऐवजी दोन्ही एकाच दमात, आणि तेही गेटवेला हाक मारण्याआधी:

```sql
UPDATE orders SET status = 'requested'
WHERE id = 4172 AND status = 'pending';
```

डेटाबेस ती ओळ एका वेळी एकालाच बदलू देतो. एका विनंतीला उत्तर मिळतं की १ ओळ बदलली, दुसरीला ०. शून्यवालीने गेटवेकडे जायचं नाही, ग्राहकाला चालू मागणीचं पान दाखवायचं.

एवढ्याने सगळं झाकत नाही. स्थिती बदलली आणि गेटवेकडे जाण्याआधीच सर्व्हर पडला तर ऑर्डर मध्येच लटकते. ती पुन्हा पाठवावी तर मागणी आधीच गेली असण्याची भीती. यासाठीच पेमेंट कंपन्यांनी `Idempotency-Key` हेडरची रीत पाडली. प्रत्येक मागणीला एक किल्ली द्यायची. तीच किल्ली पुन्हा आली तर गेटवे नवं काम न करता जुनंच उत्तर परत देतो. स्ट्राइपमुळे हे नाव सर्वतोमुखी झालं. या किल्ल्या मात्र कायम जपल्या जात नाहीत. स्ट्राइप त्या किमान २४ तासांनंतर काढून टाकू शकते, म्हणून तीन दिवसांनी केलेला पुनर्प्रयत्न नवाच व्यवहार ठरू शकतो.

किल्ली कुठे बनते हेही कोडमध्ये शोधून बघा. ती क्लिकच्या क्षणी बनत असेल तर दोन क्लिकना दोन किल्ल्या मिळतात आणि गेटवेच्या नजरेत त्या दोन वेगळ्या खरेद्या असतात. आमच्या पहिल्या दुरुस्तीत नेमकं हेच झालं होतं. आता किल्ली ऑर्डर तयार होतानाच त्याच ओळीत साठवली जाते, आणि टेस्टमध्ये नकली गेटवेकडे आलेल्या किल्ल्या मोजल्या जातात. दोन क्लिक, एक पुनर्प्रयत्न, किल्ली एकच.

मिठाईवाल्याने त्या बाईंचे ६४० परत केले. वर अर्धा किलो बर्फी पाठवली, तिचं बिल आमच्या नावावर लावलं.