रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल : यंत्रणा, भरवसा आणि निगा

रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल या दोन्ही हातबंदुकांत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. फरक आहे तो पुढचे काडतूस नळीमागे कशाच्या जोरावर येते यात. रिव्हॉल्व्हरमध्ये ते चाप ओढणाऱ्या बोटाच्या जोरावर येते, तर पिस्तुलात आधी उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यावर. कोणते शस्त्र कशाने अडते, अडल्यावर काय करावे लागते आणि त्याची निगा कुठे राखावी लागते, हे बहुतांशी या एका फरकावरून ठरते. (बोलण्यात आणि बातम्यांत सर्रास दोघांनाही ‘पिस्तूल’ म्हणतात, या नोंदीत तो शब्द फक्त दुसऱ्या प्रकारासाठी वापरला आहे.)

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये सहसा पाच किंवा सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस बसते. चाप ओढू लागताच आतला एक दाता सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलून एक घर पुढे सरकवतो. घर नळीच्या रेषेत आले की खालून एक खुंटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते आणि ते जागच्या जागी धरते. तोवर घोडाही मागे गेलेला असतो. मग तो सुटतो. उडालेली पुंगळी तिच्या घरातच राहते.

पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, तिच्यावरची नखी पुंगळी ओढून काढते, एक ठोकर तिला बाहेर भिरकावते आणि स्प्रिंगने पुढे येणारी स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीच्या तोंडात ढकलते. .३२ सारख्या माफक काडतुसाला स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढेच पुरते. ९ मिमी किंवा .४५ च्या धक्क्याला ते सहसा पुरत नाही. म्हणून जॉन ब्राउनिंगच्या रचनेत नळी आणि स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर एकमेकींत अडकून मागे जातात, मग नळीची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होते.

समजा, काडतूस फुसके निघाले. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. पिस्तुलाला मात्र धक्काच मिळालेला नसतो, त्यामुळे स्लाइड हाताने मागे ओढून ते काडतूस बाहेर टाकावे लागते. रिव्हॉल्व्हर ‘कधी दगा देत नाही’ ही ख्याती मुख्यतः यावरच उभी आहे. पण सरावाच्या मैदानावर इथेच सावध राहावे लागते. ठिणगी पडूनही दारू क्षणभर उशिरा पेटू शकते. घाईने चाप ओढून ते घर बाजूला सरकवले आणि काडतूस तिथे फुटले, तर समोर नळी नसते. म्हणून शस्त्र लक्ष्याच्या दिशेनेच धरून अर्धा मिनिट थांबण्याची शिस्त असते.

रिव्हॉल्व्हरची खरी खोड वेगळीच आहे आणि ती अगदी क्षुल्लक कचऱ्यापासून सुरू होते. सिलिंडर बाहेर काढून पुंगळ्या ढकलताना नळी जमिनीकडे झुकलेली असेल, तर न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या काढणाऱ्या चांदणीखाली पडतात. चांदणी केसभर वर राहते, सिलिंडर मागच्या पत्र्याला घासू लागते आणि चाप जड होतो. कधी जागचा हलतच नाही. खूण सोपी आहे : कालपर्यंत सहज फिरणारे सिलिंडर बंद करताना अंगठ्याला जोर लावावा लागतो. यावर उपाय म्हणजे नळी आकाशाकडे करून पुंगळ्या एका झटक्यात काढणे आणि चांदणीखाली जुना टूथब्रश कोरडाच फिरवणे. तिथे तेल घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण तेलाला कण चिकटतात आणि दुखणे वाढते.

दुसरे दुखणे झिजेचे. दाता किंवा खाचा झिजल्या की घर नळीच्या रेषेत उशिरा येते. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा अडकण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी खुंटी खाचेत बसल्याचा ‘टक्’ ऐकू यायला हवा, आणि प्रत्येक घराची ही तपासणी करायला हवी. तो ऐकू आला नाही, तर गोळी नळीच्या कडेला घासून आत जाते आणि शिशाचे कपचे बाजूला उडतात. सिलिंडर आणि नळी यांच्यात मुळातच मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी फट असते. शेजारी उभ्या माणसाला ते कपचे तिथूनच लागतात. ही दुरुस्ती घरी कानस घेऊन करण्याची नाही, ती कारागिराचीच.

पिस्तूल अधिक वेळा अडते, पण ते मोकळे करणे बहुधा काही सेकंदांचे काम असते. पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली, तर नखी मळली आहे, काडतूस कमजोर आहे किंवा मनगट सैल पडले आहे असे समजावे. मनगटच मागे गेले की स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही. काडतूस वर चढताना वारंवार अडत असेल, तर आधी मॅगझिन बदलून पाहावे. त्याच्या तोंडाच्या दुमडलेल्या कडा पडल्याने जराशा वाकल्या तरी काडतुसाचा कोन बिघडतो, आणि दोष मात्र सगळ्या पिस्तुलाला दिला जातो.

भारतात नागरी परवान्यावर .३२ हा बोअर बराच दिसतो आणि त्यात एक गफलत हमखास होते. कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस रुंद काठाचे आणि लांब असते, ईशापूरच्या.३२ ‘अशनी’ पिस्तुलाचे ब्राउनिंगचे काडतूस आखूड असते. नाव एक असले तरी एकाचे दुसऱ्याला चालत नाही. शिवाय ब्राउनिंगच्या काडतुसालाही बुडाशी बारीकसा काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे गेला, तर दोघे एकमेकांत अडकतात आणि स्लाइडने कितीही ढकलले तरी वरचे हलत नाही. स्लाइड मागेपुढे करून हे सुटत नाही. मॅगझिन काढून रिकामे करावे लागते. प्रत्येक काडतूस खालच्याच्या काठापुढे ठेवून भरले की ही वेळ सहसा येत नाही.

पिस्तुलाच्या भरवशाचा विषय निघाला की अमेरिकी सैन्याच्या मार्च १९११ मधल्या चाचणीचा दाखला देतात. कोल्टच्या .४५ पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडले नाही. सांगताना बहुतेक जण एक बाब गाळतात : दर हजार गोळ्यांनंतर ते साफ करून त्याला तेल दिले जात होते. पिस्तुलाची स्लाइड ज्या पन्हळींवर सरकते तिथे तेलाचा पातळ थर लागतोच. स्लाइड परतवणारी स्प्रिंग तर चक्क खर्चाची वस्तू आहे, पूर्ण मापाच्या.४५ पिस्तुलात ती काही हजार गोळ्यांनंतर बदलतात. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब पडू लागल्या की ती थकली असे धरावे.

वर्षानुवर्षे कपाटात राहणाऱ्या शस्त्राचा हिशेब निराळा. भरून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या आत एकही स्प्रिंग पुरती ताणलेली नसते, म्हणून ते या दुर्लक्षाला जास्त पुरते. पिस्तुलातले तेल मात्र वाळून चिकट होते आणि पहिल्याच गोळीनंतर स्लाइड रेंगाळू शकते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात दोघांचाही शत्रू एकच : चामड्याचे म्यान. चामडे ओल धरते, आणि शस्त्र त्यातच ठेवून दिले तर चामडे जिथे घट्ट टेकते नेमके तिथे, म्हणजे सिलिंडरच्या फुगवट्यावर किंवा स्लाइडच्या कडेला, गंजाचे तांबूस ठिपके उमटतात.