व्हीआरएसचे 5 लाख माफ, अन् वर 89 चा रिलीफपण?

"स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातले 5 लाख तर माफच असतात, उरलेल्या रकमेवर इन्कम टॅक्सच्या कलम 89 चा रिलीफ घ्यायचा, दोन्ही मिळतं ना?"

नाही, दोन्ही नाही मिळत. आधी हायकोर्टांनी कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिलेले, तेच अजून सोलापुरात चहाच्या टपरीवर फिरतायत, पण 2009 च्या फायनान्स अ‍ॅक्टनं असेसमेंट वर्ष 2010-11 पासून ही वाट बंद केली. आता कलम 10(10C) ची माफी घ्या किंवा 89 चा रिलीफ, एकच.

समजा सूतगिरणीतल्या एका सुपरवायझरला 18 लाख मिळाले, अन् त्या वर्षीचा पगार 6 लाख. माफी घेतली तर 13 लाख पगारात मिळून 19 लाखावर टॅक्स. रिलीफ घ्यायचा तर सगळे 18 लाख करपात्र धरायचे, मग साधारण पद्धत अशी की त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे 6 लाख मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात एकेक करून मिळवायचा, त्या तीन वर्षांचा सरासरी दर काढायचा, अन् यंदाचा दर त्याहून जास्त पडला तर तेवढा फरक सुटतो. दोन्ही हिशोब मांडल्याशिवाय रिटर्न भरूच नका, कारण एकदा रिलीफ घेतला की त्या रकमेवर 5 लाखांची माफी पुढच्या कुठल्याच वर्षी मागता येत नाही. अन् ही माफीसुद्धा आयुष्यात एकदाच मिळते, दुसऱ्या नोकरीतून परत व्हीआरएस घेतली तरी नाही.

ग्रॅच्युइटी अन् रजेचे पैसे यात धरू नका, त्यांची माफी वेगळी.