भिंतीवरचे घडीचे टेबल

स्वयंपाकघराच्या भिंतीला बिजागरीने किंवा घडीच्या ब्रॅकेटने जोडलेली, जेवणापुरती आडवी उघडणारी आणि एरवी भिंतीलगत खाली लोंबणारी फळी. स्वतंत्र जेवणाच्या टेबलाऐवजी ती वापरली जाते. ठाणे व नवी मुंबईतील लहान सदनिकांत ‘फोल्डिंग टेबल’ आणि ‘ब्रेकफास्ट काउंटर’ ही दोन्ही नावे तिला सरसकट लावली जातात. मात्र काटेकोरपणे पाहता काउंटर हा ओट्याचाच न मिटणारा, पुढे काढलेला भाग असतो. त्याची उंची 85 ते 90 सेंमी असल्याने त्याला 60 ते 65 सेंमी उंचीचे स्टूल लागते. घडीचे टेबल 75 सेंमी उंचीवर बसवले तर घरातील नेहमीची 45 सेंमी उंचीची खुर्चीच चालते. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

या रचनेच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार ती पाश्चात्त्य आटोपशीर स्वयंपाकघरातून आली. त्यासाठी वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये आखलेल्या ‘फ्रँकफर्ट किचन’चा दाखला दिला जातो. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असलेल्या त्या खोलीत भिंतीवरून खाली उघडणारी फळी होती खरी, पण ती इस्त्रीची होती. जेवण शेजारच्या खोलीत होणे अपेक्षित होते. त्यामुळे घडीच्या फळीचे तंत्र तेथे सापडले, तरी स्वयंपाकघरातच जेवण्याचा प्रघात तेथून आला असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील 1920च्या दशकातील बंगल्यांमधला न्याहारीचा कोपरा हा याहून जवळचा पूर्वज ठरतो. ‘ब्रेकफास्ट’ हे नावही बहुधा त्याच परंपरेतले असावे. दुसरे मत उगम घरातच शोधते. पंगत उठली की पाट भिंतीला उभे करून जमीन मोकळी करण्याची रीत जुनी आहे, आणि जेवणाची जागा ही कायमची नसून जेवणापुरती असते ही कल्पना त्या रीतीतच आहे. वस्तू बाहेरची आणि तिचा वापर घरचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा रूढ झाल्यावर जमिनीवरची बैठक आणि ओटा यांच्यात जो उंचीचा फरक पडला, तो या फळीने भरून निघाला. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी बांधलेल्या घरांत ही गरज विशेष जाणवते.

फळीसाठी साधारणतः 18 किंवा 19 मिमी जाडीचा प्लायवूड घेतात. ओट्याजवळच्या ओलाव्यामुळे आयएस 710 या मानकाचा, म्हणजे सुतारांच्या बोलीतला ‘मरीन प्लाय’, घेणे इष्ट असते. सनमायका दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. खालची बाजू दिसत नाही म्हणून ती कोरी ठेवली, तर पावसाळ्यात त्या बाजूने ओल शिरून फळी धनुष्यासारखी वाकते. ताट, वाटी आणि पेला मावण्यास 40 सेंमी खोली पुरते. माणशी 60 सेंमी लांबी धरतात.

खरा प्रश्न फळीचा नसून भिंतीचा आहे. ब्रॅकेटच्या पाकिटावर छापलेली क्षमता बहुधा जोडीची आणि सारख्या पसरलेल्या भाराची असते. माणूस मात्र उठताना तळहाताने टेबलाच्या कडेवर रेटा देतो. फळीची खोली 40 सेंमी असून कडेवर 30 किलोचा रेटा आला आणि ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टेकूपर्यंतचे अंतर 12 सेंमी असले, तर वरच्या स्क्रूंवर एकूण 100 किलोची, म्हणजे प्रत्येक ब्रॅकेटवर 50 किलोची ओढ बसते. फळीचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. अंतर 6 सेंमीच असेल, तर हीच ओढ दुप्पट होते. म्हणून आडवा हात लांब पण उभी पट्टी आखूड असलेले ब्रॅकेट स्वस्त मिळाले तरी टाळावे.

ही ओढ भिंत पेलेल की नाही, हे ड्रिलमधून निघणाऱ्या भुकटीवरून समजते. लाल भुकटी निघाली तर भिंत विटेची आहे. तेथे प्लास्टर ओलांडून विटेत खोल गेलेला प्लग धरतो. राखाडी, बारीक भुकटी निघून ड्रिल जेमतेम पुढे सरकत असेल, तर भिंत काँक्रीटची आहे. घोडबंदर रस्त्यावरील अनेक नव्या मनोऱ्यांत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायवान’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा भिंती आढळतात. त्यांत स्क्रू उत्तम बसतो, परंतु विजेच्या नळ्या भिंतीतच ओतलेल्या असल्यामुळे बटणांच्या सरळ वर-खाली छिद्र पाडू नये. प्लास्टर संपताच ड्रिल सहज आत जाऊन फिकट, पिठूळ भुकटी पडली, तर भिंत हलक्या एएसी ठोकळ्यांची समजावी. तिच्यात साधा प्लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांत गोल फिरू लागतो. अशा ठिकाणी त्या ठोकळ्यांसाठीच बनवलेले लांब प्लग वापरतात आणि ब्रॅकेट थेट भिंतीवर न लावता अनेक स्क्रूंनी बसवलेल्या उभ्या लाकडी पट्ट्यांवर लावतात. टाइल असल्यास, ती पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवावा लागतो.

मापांचे गणित नेरूळमधील 270 सेंमी लांब आणि 210 सेंमी रुंद अशा एका नमुना स्वयंपाकघरावरून स्पष्ट होईल. लांब भिंतीला 60 सेंमी खोल ओटा असून समोर 150 सेंमी रुंदीची जागा उरते. समोरच्या लांब भिंतीवर 40 सेंमीची फळी उघडली, तर ओट्यापर्यंत 110 सेंमी राहतात. बसलेला माणूस त्यांतील 50 सेंमी घेतो आणि उरलेल्या 60 सेंमीत पोळ्या करणारी व्यक्ती उभी राहिली की वाट बंद होते. कागदावर ही जागा पुरेशी दिसते, हीच येथील नेहमीची फसगत. त्याऐवजी दारासमोरच्या आखूड भिंतीवर, खिडकीखाली, ओट्यापासून दूरच्या कोपऱ्यात 90 सेंमी लांबीची फळी बसवली तर एक जण खिडकीकडे तोंड करून आणि दुसरा काटकोनात फळीच्या मोकळ्या टोकाशी बसतो. त्या टोकापासून ओट्याच्या रेषेपर्यंत 60 सेंमी उरत असल्याने दोघे जेवत असताना ओट्याचा तेवढा शेवटचा भाग अडतो; मात्र शेगडी दाराच्या बाजूला असल्यास स्वयंपाक चालू राहतो. मिटल्यावर फळी जमिनीपासून 35 सेंमीवर थांबते, त्यामुळे खालून लादी पुसता येते. पाइप गॅस असल्यास मीटर आणि बंद करण्याची चावी मिटलेल्या फळीमागे जाणार नाही, हे छिद्रे पाडण्यापूर्वी पाहावे लागते.

नव्या ब्रॅकेटच्या सांध्यात किंचित ढिलाई असते, म्हणून जाणते सुतार पुढची कड दोन-तीन मिमी उंच ठेवून बसवतात. पुढे ही कड जमिनीपासून किती उंच आहे हे अधूनमधून मोजावे. कड खाली आली पण ब्रॅकेट भिंतीला चिकटूनच असेल, तर सांधा झिजलेला असतो आणि ब्रॅकेट बदलून भागते. ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी भिंत व पत्रा यांच्यात पोस्टकार्ड सरकत असेल किंवा तेथे प्लास्टरला आडवी चीर दिसत असेल, तर प्लग सुटू लागलेला असतो. अशा वेळी तोच स्क्रू पुन्हा आवळल्याने छिद्र आणखी मोठे होते. पट्टी वर किंवा खाली सरकवून नवी छिद्रे घ्यावी लागतात.