वजन हलकं, पण उंची जास्त: रॅकच्या गल्लीतली एक धडक

आमच्याकडून फोर्कलिफ्ट भाड्याने किंवा देखभालीला घेणाऱ्या अंबड, सातपूर, विल्होळी आणि सिन्नरकडच्या सर्व ग्राहकांसाठी

गेल्या द्राक्ष हंगामात आमच्या एका ग्राहकाच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टने एका हेल्परला धडक दिली. त्याच्या पायाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मशीन तपासायला आम्ही गेलो. ब्रेक नीट होते, हॉर्न वाजत होता, टायर चांगले होते. मशीनमध्ये दोष सापडला नाही, म्हणून आम्ही टेप घेऊन गल्ली मोजली आणि सीसीटीव्ही पाहिला. तिथे जे दिसलं ते तुमच्याही गोडाऊनमध्ये असू शकतं, म्हणून हे पत्रक. ग्राहकाचं नाव देत नाही, पण आकडे तिथलेच आहेत.

काय झालं

मशीन ३ टनी डिझेलचं. फोर्कवर द्राक्ष पॅकिंगच्या रिकाम्या खोक्यांची दोन पॅलेट, एकावर एक. सगळं मिळून ७०० किलोसुद्धा नव्हतं. ३ टन उचलणाऱ्या गाडीला हे ओझं म्हणजे काहीच नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. वजन कमी म्हणून दोन पॅलेट एकदम घेतली, आणि वजन कमी म्हणून वेगही कमी केला नाही.

पण त्या थप्पीची उंची जमिनीपासून २ मीटर २० सेंटिमीटर होती. सीटवर बसलेल्या ऑपरेटरचे डोळे आम्ही मोजले तेव्हा १ मीटर ९० वर आले. म्हणजे त्याच्यासमोर पुठ्ठ्याची भिंत उभी होती. तो उजवीकडे वाकून कडेने पाहत गाडी पुढे नेत होता. वाकल्यावर उजवी बाजू थोडी दिसते, डावी पूर्ण झाकली जाते. हेल्पर डावीकडून आला.

एकच पॅलेट असतं तर? तेव्हा थप्पीचा माथा साधारण १ मीटर ३५ वर येतो. समोरची ५-६ मीटर जमीन त्यावरूनही दिसत नाही, पण उभ्या माणसाचं डोकं आणि छाती दिसते. वाकलेला किंवा बसलेला माणूस मात्र दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या.

वेग किती होता

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हळूच होतो." तो खोटं बोलत नव्हता. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला तो वेग हळूच वाटतो. आम्ही फुटेजमध्ये रॅकचे खण मोजले. एक खण २.७ मीटरचा, तीन खण ८.१ मीटरचे. ते अंतर गाडीने सव्वातीन सेकंदांत कापलं. म्हणजे सेकंदाला अडीच मीटर, ताशी ९ किलोमीटर.

बाजूला उभा असलेला दुसरा हेल्पर ओरडला तेव्हा गाडीचं पुढचं टोक त्या माणसापासून अंदाजे ३ मीटरवर होतं. ऐकून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. तेवढ्यात अडीच मीटर संपले. ब्रेक लागण्यासाठी उरला अर्धा मीटर. त्या वेगात गाडी थांबायला ब्रेक लागल्यावरही दोन मीटरच्या आसपास लागतात. त्यामुळे धडकताना गाडीचा वेग अजून ताशी ८ किलोमीटरच्या जवळ होता, आणि गाडी व माल मिळून वजन सुमारे ५ टन.

आता तेच ३ मीटर आणि वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा, असं धरून हिशोब करा. एका सेकंदात १.४ मीटर जातात, ब्रेकला पाऊण मीटरही लागत नाही. गाडी माणसाच्या जवळपास एक मीटर अलीकडे थांबते.

"मग ब्रेक जोरात दाबायचा," असं एका सुपरवायझरनी आम्हाला सांगितलं. मालासकट ते चालत नाही. फोर्क गुळगुळीत लोखंडाचे असतात, त्यावर लाकडी पॅलेट सहज सरकतं. त्या दिवशीही करकचून ब्रेक लागल्यावर वरचं पॅलेट पुढे घसरलं आणि खोकी हेल्परच्या अंगावर पडली. खोकी रिकामी होती हे नशीब. मोटारीसारखा ब्रेक इथे दाबता येत नाही, म्हणून हिशोबात आम्ही सौम्य ब्रेकच धरला आहे.

पिवळी पट्टी होती, तरी

गल्लीच्या डाव्या कडेला ९० सेंटिमीटरची पिवळी पट्टी रंगवलेली होती. हेल्पर दोन रॅकमधल्या वाटेतून बाहेर आला तो याच पट्टीवर वळायला. पण पट्टीवर तीन पॅलेट ठेवलेली होती, "संध्याकाळी गाडी येईल तेव्हा भरू" म्हणून. त्यांना वळसा घालायला तो गल्लीत उतरला.

त्या पॅलेटांनी दोन कामं केली. माणसाला पट्टीबाहेर ढकललं, आणि बाहेर पडेपर्यंत लपवलं. पट्टीच नसती तर कदाचित तो कोपऱ्यावर थबकून दोन्हीकडे पाहत आला असता. पट्टी आहे या भरवशावर तो सरळ चालत आला.

आणखी एक कारण उन्हाचं. दुपारचे अडीच वाजले होते, गाडी शटरमधून भर उन्हातून आत आली होती. एप्रिलच्या उजेडातून ट्यूबलाइटच्या गल्लीत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, आणि धडक शटरपासून चौथ्या खणापाशी झाली.

तुमच्याकडे कसं ओळखाल

रॅकच्या कोपऱ्यावरचे खांब खाली वाकून पाहा. गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंग खरवडलेला, पत्रा किंचित दबलेला दिसला तर तिथे गाड्या आधीच घासत आहेत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते. पिवळ्या पट्टीवर काळे टायरचे डाग कमानीसारखे उमटले असतील तर शेपूट चालणाऱ्यांच्या वाटेत येते आहे. तिथे रंग पुरत नाही, लोखंडी कठडा लागतो.

वेगासाठी मशीन उघडायची गरज नाही. तीन खणांचं अंतर टेपने मोजा आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावा. ८ मीटरला पावणेसहा सेकंदांहून कमी लागले तर वेग ताशी ५ च्या वर आहे. ऑपरेटरला न सांगता मोजा, म्हणजे रोजचा वेग कळेल.

या ग्राहकाकडे आम्ही सुचवलेले बदल असे. माल डोळ्यांच्या वर गेला तर गाडी रिव्हर्समध्ये, मागे वळून बघत न्यायची. याला अपवाद उताराचा: भरलेली गाडी चढवताना माल चढाच्या बाजूलाच हवा, म्हणून तिथे पुढे माणूस चालवावा लागतो किंवा एकच पॅलेट न्यावं लागतं. कोपऱ्यावर दीड मीटरचा कठडा असा बसवला की रॅकमधून येणारा सरळ गल्लीत उतरूच शकत नाही, त्याला वळून पुढे उजेडात यावं लागतं. रॅकच्या गल्ल्यांसाठी मशीनचा वेग ताशी ५ वर बांधून दिला.

पट्टीवर माल ठेवणं थांबवायला सर्वांत जास्त दिवस लागले. जागा खरंच कमी होती. शेवटी मालकांनी शटरजवळचा रॅकचा एक खण रिकामा करून "संध्याकाळच्या गाडीचा माल" असा फलक लावला, तेव्हा पट्टी मोकळी राहू लागली.

पुढच्या सर्व्हिसिंगला आमचा मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्याकडे टेप असेल. थप्पीची उंची, ऑपरेटरच्या डोळ्यांची उंची आणि तीन खणांचा वेळ तो तुमच्यासमोर मोजून लिहून देईल. त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त मोजताना गाडीवर तुमचा रोजचा माल आणि रोजचाच ऑपरेटर असू द्या.