लॉटबद्ध ऑप्शन्समधील प्रति व्यवहार जोखीम

इंडेक्स ऑप्शनच्या एका व्यवहारात जास्तीत जास्त किती रुपये गमवायचे हे आधी ठरवून त्यावरून किती माल घ्यायचा ते काढणे, आणि तो माल एक्स्चेंजने ठरवलेल्या लॉटच्या पटीतच मिळत असल्याने हिशेब त्या पटीत बसवणे, अशी ही पद्धत आहे. शेअर बाजारात रोखीने शेअर घेणाऱ्याला ३७ शेअर हवे असतील तर तो ३७ घेतो. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये जानेवारी २०२६ पासून ६५, १३०, १९५ अशीच संख्या घ्यावी लागते. भांडवल मोठे असेल तर हा फरक जाणवत नाही. दोन-चार लाखांच्या खात्यात मात्र सगळा प्रश्न ‘एक लॉट की शून्य’ एवढ्यावर येऊन थांबतो, आणि ही नोंद मुख्यतः अशा खात्यांविषयी आहे.

लॉट मोठा का आहे

निफ्टीचा लॉट अनेकदा बदलला आहे. एप्रिल २०२४ मध्ये तो ५० वरून २५ वर आला होता. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने इंडेक्स डेरिव्हेटिव्हच्या कॉन्ट्रॅक्टचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि आढाव्याच्या दिवशी ते १५ ते २० लाखांच्या दरम्यान राहील असा लॉट ठेवायला सांगितले. नव्या कॉन्ट्रॅक्टना हे २० नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाले आणि निफ्टीचा लॉट ७५ झाला. २०२५ च्या अखेरच्या एक्स्पायरीनंतर, म्हणजे तेव्हाच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत संपल्यावर, तो ६५ वर आला. निफ्टी २५,००० वर धरली तर ६५ च्या लॉटचे मूल्य १६.२५ लाख होते. पूर्वीच्या २५ च्या लॉटचे ६.२५ लाख होते.

यातून एक गोष्ट निघते, जी बरेच जण लक्षात घेत नाहीत. ‘निफ्टी परवडत नाही, सेन्सेक्सचा लॉट फक्त २० चा आहे’ असे ऐकू येते. पण सेन्सेक्स ८२,००० वर असेल तर २० च्या लॉटचे मूल्य १६.४ लाख, म्हणजे निफ्टीइतकेच. निफ्टीचा ऑप्शन जिथे प्रीमियमचे, म्हणजे स्वतःच्या किमतीचे, ५२ पॉइंट गमावतो तिथे सेन्सेक्सचा तसाच ऑप्शन साधारण १७० पॉइंट गमावतो, आणि १७० गुणिले २० म्हणजे ३,४०० रुपये, जवळपास ५२ गुणिले ६५ इतकेच. सगळेच इंडेक्स एकाच पट्ट्यात ठेवलेले असल्याने इंडेक्स बदलून जोखीम लहान होत नाही.

हिशेब

समजा भांडवल ३ लाख आहे आणि एका व्यवहारात १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये गमवायची तयारी आहे. ३,००० भागिले ६५ म्हणजे ४६ पॉइंट. शुल्क वगळूनही प्रीमियम ४६ पॉइंटपेक्षा जास्त पडू देणारा कोणताही व्यवहार या खात्यात एका लॉटनेसुद्धा बसत नाही. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण तो चार्ट उघडण्याआधीच ठरलेला असतो.

आता निफ्टी २५,००० वर आहे, एक्स्पायरीला सुमारे सहा दिवस आहेत आणि २५,००० चा कॉल, म्हणजे निफ्टी वाढली तर फायदा देणारा ऑप्शन, १४० रुपयांना मिळतो असे धरू. चार्टवरचा आधार, म्हणजे जिथे घसरण थांबेल अशी अपेक्षा आहे ती पातळी, ८० पॉइंट खाली आहे. अ‍ॅट-द-मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू पातळीवरच्या ऑप्शनचा डेल्टा, म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलली की प्रीमियम किती हलतो ते प्रमाण, अर्धा, म्हणून प्रीमियम ४० पॉइंट पडेल असा सरळ हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात निफ्टी पडत जाते तसा डेल्टाही कमी होत जातो, त्यामुळे पडझड झटपट झाली तर प्रीमियम सुमारे ३७ पॉइंट उतरतो. त्यात स्टॉपलॉसची घसर, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, मिळवावी लागते. एनएसईने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शनसाठी मार्केट प्रकारचा स्टॉपलॉस बंद केला. तेव्हापासून ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होते तो भाव, आणि लिमिट, म्हणजे ज्याखाली विकायचे नाही तो भाव, अशा दोन किमती द्याव्या लागतात. ट्रिगर १०३ आणि लिमिट १०० दिली असेल तर हिशेब १०० ने करायचा, १०३ ने नाही. दलाली, जीएसटी, एसटीटी वगैरे मिळून दोन्ही बाजूंचे ७० रुपये धरले तर शीटमध्ये असे बसते:

```
=INT(3000/((140-100)*65+70))
```

भागिले तर १.१२ येते, INT खाली उतरवून १ देतो. एक लॉट, जोखीम २,६७० रुपये.

तोच आधार १२० पॉइंट खाली असेल तर प्रीमियमची पडझड ५२ पॉइंट, घसर धरून ५५, आणि एका लॉटची जोखीम ३,६४५. उत्तर ०.८२, म्हणजे शून्य. आधीच्या २५ च्या लॉटमध्ये याच व्यवहाराला सुमारे १,४४५ रुपये लागले असते आणि दोन लॉट आले असते. चार्ट तोच, खाते तेच. फक्त लॉट बदलला.

शून्य आल्यावर

इथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे स्टॉपलॉस ओढून ४४ पॉइंटवर आणणे. आकडा बसतो, पण तो स्टॉप आता आधाराच्या वर, चालू हालचालीच्या मधोमध उभा असतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. स्टॉप लागल्यावर निफ्टी आधाराला न शिवताच मागे फिरली, असे व्यवहारांच्या नोंदवहीत पुन्हा पुन्हा दिसू लागले तर स्टॉप चार्टवरून नाही, लॉटवरून ठरला आहे असे समजावे.

दुसरा मार्ग दूरच्या स्ट्राइकचा, म्हणजे निफ्टीच्या चालू भावापासून लांबच्या पातळीचा ऑप्शन घेण्याचा. २५,२०० चा कॉल सुमारे ६२ ला मिळेल, डेल्टा ०.२८ च्या आसपास. निफ्टी १२० पॉइंट झटकन पडली तर तो २८ पॉइंट गमावतो. म्हणजे घसर आणि शुल्क धरूनही जोखीम दोन हजारांच्या आसपास. कागदावर हे छान दिसते, पण वेळ धरला की चित्र बदलते. निफ्टी दोन दिवस जागची हललीच नाही तर २५,००० चा कॉल १४० मधले सुमारे २६ पॉइंट गमावतो आणि २५,२०० चा ६२ मधले २१. पहिल्यात ५२ पॉइंटच्या सवलतीतला निम्मा भाग वेळेने खाल्ला. दुसऱ्यात २८ पैकी २१. इंडेक्स आधाराजवळही गेलेली नसताना, जराशा घसरणीनेच प्रीमियमवर लावलेला स्टॉप लागू शकतो. म्हणून दूरचा स्ट्राइक घ्यायचाच तर स्टॉप इंडेक्सवर ठेवावा आणि त्यासोबत वेळेचीही मर्यादा घालावी: अमुक वाजेपर्यंत हालचाल नाही तर बाहेर.

तिसरा मार्ग स्प्रेडचा, आणि लहान खात्याला तो जास्त मानवतो. २५,००० चा कॉल १४० ला घेऊन २५,१०० चा ९६ ला विकला तर निव्वळ खर्च ४४ पॉइंट, म्हणजे २,८६० रुपये. चार बाजूंचे शुल्क १३० धरून २,९९०. हा पूर्ण तोटा आहे, स्टॉपवरचा नव्हे. रात्रीत गॅप पडली, लिमिट चुकली, काहीही झाले तरी यापुढे जात नाही. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणारे, आणि रोखीने मिटवले जाणारे असल्याने विकलेला कॉल मुदतीआधी अंगावर येण्याचा प्रश्नही नाही. बदल्यात नफ्याला ५६ पॉइंटचे झाकण बसते, तेही बहुतांशी एक्स्पायरीच्या जवळच हाती लागते, आणि विकलेल्या बाजूसाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, अडकते. बाहेर पडताना विकलेला कॉल आधी सोडवावा. घेतलेला आधी विकला तर उघड्या विक्रीचे पूर्ण मार्जिन मागितले जाते आणि ऑर्डर नाकारली जाऊ शकते.

चौथा मार्ग व्यवहार सोडून देण्याचा. किंवा भाव खाली यायची वाट पाहणे: आधार तोच ठेवून प्रवेश ४० पॉइंट खाली मिळाला तर हाच व्यवहार १२० ऐवजी ८० पॉइंटचा होतो आणि एका लॉटमध्ये बसतो.

आणखी एक मोह वर पूर्णांक करण्याचा असतो. ०.८२ म्हणजे जवळजवळ एकच, असे म्हणून लॉट घेतला तर जोखीम १.२ टक्के होते. एकदा केल्याने खाते बुडत नाही. पण शून्याकडे झुकणारे व्यवहार म्हणजे रुंद स्टॉपचे व्यवहार, आणि ते बाजार सैरभैर असतानाच जास्त येतात. वर पूर्णांक करण्याची सवय लागली की सर्वात बेभरवशाच्या दिवशी सर्वात जास्त पैसे लागतात. सवलत हवीच असेल तर १ टक्क्याऐवजी १.२५ टक्के ही वरची हद्द महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावी, ऑर्डर भरताना नाही.

पायऱ्या आणि त्यांच्या कडा

पूर्णांकामुळे जोखीम सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यांनी वाढते. शुल्क बाजूला ठेवले तर २३ पॉइंटच्या स्टॉपवर दोन लॉट बसतात आणि जोखीम २,९९० येते. २४ पॉइंटवर दुसरा लॉट गळतो आणि ती १,५६० होते. एका पॉइंटने पैज निम्मी झाली. त्यामुळे नोंदवहीत नफातोटा निव्वळ रुपयांत पाहिला तर फसगत होते. प्रत्येक व्यवहार त्याच्या स्वतःच्या जोखमीच्या पटीत लिहावा. ३० लाखांच्या खात्यात ५५ पॉइंटचा स्टॉप आठ लॉट देतो आणि ठरलेल्या ३०,००० पैकी सुमारे २९,००० वापरले जातात. तिथे या कडा जवळजवळ नाहीशा होतात.

एका लॉटची दुसरी अडचण अशी की तो तोडता येत नाही. अर्धा नफा घेऊन उरलेला चालू ठेवायचा, हा सल्ला दोन लॉटपासून पुढे लागू होतो. आणि खाते आकसत गेले की टक्केवारीचा नियम मागे पडतो. वरच्या उदाहरणातला २,६७० चा व्यवहार ३ लाखांवर ०.८९ टक्के आहे, २.६० लाखांवर १.०३ टक्के, आणि २ लाखांवर १.३४. टक्केवारीच्या पद्धतीत तोट्यानंतर माल आपोआप कमी व्हायला हवा. इथे तो एकाच्या खाली जाऊच शकत नाही. नियम पाळला तर २.६७ लाखांच्या खाली हा व्यवहार बंद होतो, आणि मग एकतर अरुंद स्टॉपचेच व्यवहार उरतात किंवा स्प्रेड.

शीटमध्ये ६५ हा आकडा सूत्रात कोरून ठेवू नये. २०२४ च्या बदलाच्या वेळी काही आठवडे २५ च्या आणि ७५ च्या लॉटची निफ्टी कॉन्ट्रॅक्ट्स एकाच वेळी चालू होती, एक्स्पायरीनुसार. लॉटसाठी वेगळा रकाना ठेवून तो ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्टच्या यादीतून दर एक्स्पायरीला भरावा.