घडाघडा म्हणतो, पण वाचतो का?

"पोरगं अख्खा धडा घडाघडा वाचते, मंग अक्षरं वेगळी कायले शिकवाची?" असं पालक विचारतात.

धड्यातल्या 'मगर'चीच अक्षरं फिरवून 'गरम' लिहून द्या. मूल अडलं, तर धडा नुसता पाठ आहे. विदर्भातल्या खेड्यात दुसरी खूणही दिसते: छापलेलं असतं 'कापूस', मूल चित्र पाहून म्हणतं 'पऱ्हाटी'. अर्थ बरोबर, पण वाचन झालेलंच नाही.

अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी 1967 मध्ये वाचनाला अंदाजाचा खेळ म्हटलं. अक्षरं सुटी न शिकवता अख्ख्या गोष्टींतून वाचन शिकवणारी समग्र भाषा पद्धत त्यावरच उभी राहिली. पुढच्या संशोधनात मात्र अंदाजावर जास्त विसंबणारे कच्चे वाचकच निघाले. 2000 साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीनेही अक्षर-ध्वनी क्रमवार शिकवण्याच्या बाजूने कौल दिला.

संतुलित पद्धत अक्षर-ध्वनी आणि समग्र भाषा दोन्ही जोडू पाहते, पण शब्द अडला की 'चित्र बघ' म्हणते, तिथे ती फसते.

माझ्या मते जोड अशी हवी: क, म, ळ, ग, र आणि काना एवढंच आधी घ्या. त्यातून काम, गार, माळ, कमळ वाचून घ्या. त्याच दिवशी बाईंनी गोष्ट वाचून दाखवावी, मुलांनी तिच्यावर वऱ्हाडीत मनसोक्त बोलावं. वाचताना अडलं, तर बोट अक्षराखालीच राहू द्या.